गुजराती/कानडी मजकूर इंग्रजीवरून मराठीत आणला की आत्याची काकू का होते, आणि ती परत आत्या कशी करायची

प्रॉब्लेम असा आहे. मूळ गोष्ट गुजराती किंवा कानडी, ती कुणीतरी इंग्रजीत केलेली असते (माणसाने किंवा मशीनने, इथे फरक पडत नाही), आणि त्या इंग्रजीवरून मराठी होते. वाचायला बरं असतं, व्याकरण ठीक असतं, पण दहा-बारा पानं झाली की घरातली माणसं एकमेकांत मिसळायला लागतात, बाई मध्येच पुरुषासारखी बोलते, आणि गुजरातमधल्या खेड्यातलं म्हातारं माणूस ब्रेड खातं. मी गेली काही वर्षं असा मजकूर तपासायचं काम करतो आणि दर वेळी तेच घोळ त्याच जागी सापडतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

इंग्रजी अर्थ चुकवते असं सरसकट म्हणणं बरोबर नाही, बऱ्याच वेळा इंग्रजीतलं वाक्य इंग्रजी म्हणून अगदी बरोबर असतं. खरी गोची अशी की गुजरातीत एक फरक असतो, मराठीतही नेमका तोच फरक असतो, आणि मधल्या इंग्रजीत तो नसतो. म्हणजे पहिल्या पायरीला माहिती गळते, आणि दुसऱ्या पायरीला मराठीला ती माहिती लागतेच, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, मग अनुवाद करणारा ती स्वतःच्या मनाने भरतो. गळालेली माहिती निदान रिकामी जागा तरी सोडते हो, पण मनाने भरलेली माहिती खऱ्यासारखी दिसते.

उदाहरण घेऊ. या ओळी मी नमुन्यासाठी रचल्यात, गुजराती आहे पण देवनागरीत लिहितोय:

फोईए कह्युं, आपणे काले वहेला नीकळीशुं. बाए बाजरीना रोटला बांधी आप्या. हुं तो थाकी गई हती अने फुआ मारुं माथुं खाता हता.

याचं इंग्रजी साधारण असं होईल: आंटी म्हणाली की वुई उद्या लवकर निघू, मदरने मिलेट ब्रेड पॅक करून दिला, आय वॉज टायर्ड आणि अंकल सारखे बॉदर करत होते. इंग्रजी वाचणाऱ्याला इथे काहीच खटकणार नाही. आता फक्त हे इंग्रजी समोर ठेवून मराठी केलं की असं येतं:

काकू म्हणाल्या की आम्ही उद्या लवकर निघू. आईने बाजरीचा ब्रेड पॅक करून दिला. मी थकलो होतो आणि काका मला सतत त्रास देत होते.

आणि मुळावरून सरळ केलं असतं तर:

आत्या म्हणाली, आपण उद्या लवकर निघू. बाने बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मी तर थकून गेले होते आणि आत्याचे यजमान माझं डोकं खात होते.

तीन वाक्यांत किती गेलं बघा. फोई म्हणजे आत्या, तिची काकू झाली. आपणे म्हणजे मराठीतलंच आपण, ऐकणारा धरून, आणि अमे म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. गुजरातीत आणि मराठीत हा फरक अगदी सारखा आहे, इंग्रजीत दोन्हीला वुई, आणि परत येताना आम्ही झालं, म्हणजे आत्या समोरच्या मुलीला घरीच ठेवून निघाली असा अर्थ झाला. गई हती वरून बोलणारी बाई आहे हे गुजरातीत कळतं, मराठीतही गेले होते वरून कळतं, इंग्रजीत आय वॉज टायर्ड मधून कळत नाही, म्हणून ठरावीक पुरुषी थकलो होतो. माथुं खावुं म्हणजे डोकं खाणं, शब्दाला शब्द आपल्याकडे तयार होतं, ते त्रास देणं होऊन आलं. म्हणजे जी वाक्यं गुजरातीतून मराठीत जवळजवळ तशीच्या तशी उचलता आली असती तीच जास्त मार खातात, हे मला तरी सुरुवातीला उलटं वाटायचं.

रोटलाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे दोन्हीकडून खड्डा आहे. गुजरातीत रोटली म्हणजे आपली पातळ पोळी, रोटलो म्हणजे बाजरी-ज्वारीची जाड भाकरी, आणि भाखरी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठात तूप-तेलाचं मोहन घालून कडक भाजलेली जाड पोळी. इंग्रजीतून आलात तर तिन्हीला ब्रेड. आणि हुशारी करून इंग्रजी टाळलंत, मूळ गुजराती बघितलंत, तर भाखरी दिसते आणि हात आपोआप भाकरी लिहितो, जे चूक आहे. आपली भाकरी तिकडे रोटलो आहे.

आता एरर साचत कशा जातात ते. नुसता गुणाकार केला तरी कळतं, समजा दोन्ही पायऱ्यांना शंभरातली दहा वाक्यं बिघडली तर नीट राहतात एक्याऐंशी. पण हा हिशोब धरला तरी फसगत होते, कारण त्यात प्रत्येक चूक सुटी धरलीय आणि प्रत्यक्षात एक चूक पुढच्या चुकीला जन्म देते. वरचीच गोष्ट पुढे नेऊ. समजा चार पानांनंतर मुळात आहे, फोई पियर आव्यां हतां. पियर म्हणजे माहेर. आत्या माहेरी आली होती, आत्याचं माहेर म्हणजे आपलंच घर, गोष्ट आपल्या घरात घडतेय, सगळं जुळतं. इंग्रजीत हे होतं की आंटी तिच्या पेरेंट्सच्या घरी आली होती. मराठी करणाऱ्याने पहिल्या पानावर आंटीची काकू करून ठेवलीय, आता काकूचं माहेर आपल्या घरी कसं असेल? काकूचं तर आपलं घर हे सासर. मग तो वाक्य दुरुस्त करतो, काकू माहेरी गेली होती. आली ची गेली झाली, म्हणजे बाई घरातून बाहेर पाठवली. पुढच्याच परिच्छेदात तीच बाई ओट्यापाशी उभी राहून बोलतेय, मग ते तपासणाऱ्याला विचित्र वाटतं आणि तो तिथे एक ओळ घालतो, काकू परत आल्यावर. मूळ लेखकाने न लिहिलेला एक अख्खा प्रवास गोष्टीत घुसला, आणि कुणीच मुद्दाम काही बिघडवलं नाही, प्रत्येकाने आपापल्या पायरीवर वाक्य सुसंगत केलं एवढंच.

याच गोष्टीत फुआ पण आहेत आणि मामा पण आहेत असं धरा. दोघेही इंग्रजीत अंकल. मराठीत दोघेही काका. आत्याचे यजमान म्हणजे आपल्याकडे घराघरात वेगळं, कुणी काका म्हणतं, कुणी मामा, कुणी आतोबा, त्यामुळे एकट्या फुआंचं काका केलं तर काही घरांत चालूनही जाईल. पण काकू आधीच आहे, आता काका आले, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात जोडपं पूर्ण झालं, आणि मामा जे बोलले तेही याच काकांच्या तोंडी गेलं. तीन माणसांची दोन झाली आणि मजा म्हणजे मजकूर आधीपेक्षा जास्त सुसूत्र दिसतो! म्हणून नुसतं मराठी वाचून शुद्धलेखन तपासणाऱ्याला हे कधीच सापडत नाही.

बरेच जण एक चाचणी करतात, मराठी परत इंग्रजीत करून मूळ इंग्रजीशी जुळतं का बघतात. इथे ही चाचणी कामाची नाही. काकू परत इंग्रजीत केली की आंटी, आम्ही केलं की वुई, थकलो होतो केलं की आय वॉज टायर्ड. शंभर टक्के जुळलं, आणि सगळं चूक. जी गाळणी माल गाळून टाकते त्याच गाळणीतून परत मोजताय तुम्ही. परत न्यायचं असेल तर गुजरातीत न्या, आणि दोन गुजराती ओळी शेजारी ठेवून बघा, फोई ची काकी झालेली लगेच दिसेल.

मग मूळ हाताशी नसताना नुसत्या मराठीवरून कसं ओळखायचं? मी फाइलमध्ये सरळ शब्द शोधतो. कुटुंबाची दोनशे पानांची कादंबरी आणि त्यात आत्या, मावशी, मामी, जाऊ, दीर हे शब्द शून्य वेळा, आणि काका-काकू तीनशे वेळा, असं दिसलं की समजायचं की मधे इंग्रजी होती. सिस्टर इन लॉ हा एक शब्द तर महा उपद्व्यापी आहे, गुजरातीत भाभी, नणंद, साळी, देराणी, जेठाणी या पाच वेगळ्या बायका आहेत आणि आपल्याकडेही वहिनी, नणंद, मेहुणी, धाकटी जाऊ, थोरली जाऊ अशा पाचच्या पाच बसतात, इंग्रजीत मात्र सगळ्या एकाच शब्दात. मग मराठीत बहुतेक वेळा वहिनी होते आणि जावाजावांचं भांडण असेल तर वहिनी वहिनीशी भांडली असं काहीतरी वाचायला मिळतं. दुसरी खूण, संवादात चल किंवा चला च्या जवळ आम्ही. चल, आम्ही जाऊ असं मराठी माणूस ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन जाताना बोलत नाही. तिसरी खूण नावांची. गुजराती ळ आणि ण, कानडी ळ, हे रोमनमधून गेले की ल आणि न होऊन येतात. अहमदाबादजवळचं धोळका रोमनमध्ये Dholka, आता Dh म्हणजे ध की ढ, आणि l म्हणजे ल की ळ, चार शक्यता, आणि मराठीत ढोलका छापलेलं दिसतं. पालीताणाचं पालिताना होतं. कानडीत हळ्ळी म्हणजे गाव, ते Halli वरून हल्ली होऊन येतं आणि मराठीत त्याचा अर्थच आजकाल! हुबळीला कानडीत हुब्बळ्ळी म्हणतात, तिचं हुब्बल्ली झालेलं दिसलं की लिहिणाऱ्याने कानडी पाटी नाही, इंग्रजी पाटी वाचलीय.

चौथी खूण शीर्षकात आणि विभक्तीत दिसते. गांधींनी आत्मकथा गुजरातीत लिहिली, 1925 पासून नवजीवन मध्ये क्रमाने आली, नाव सत्यना प्रयोगो. मराठीत सत्याचे प्रयोग, ना ला चे, काम संपलं. महादेव देसाईंच्या इंग्रजीत ते एक्सपेरिमेंट्स विथ ट्रुथ आहे, आणि इंग्रजीत ते शोभतं. पण विथ धरून मराठीत आलात तर सत्यासोबत केलेले प्रयोग होईल. शीर्षक सगळ्यांना पाठ आहे म्हणून तिथे कुणी चुकत नाही, पण आतल्या साध्या वाक्यांत हेच सोबत, द्वारे, च्या संदर्भात पानोपानी येतं आणि ते गुजरातीतून आलेलं नसतं.

कानडीचं थोडं वेगळं आहे, तिथे सगळी माहिती गळते असं नाही, काही मुळातच त्या वाक्यात नसते. नानु होदे म्हणजे मी गेलो किंवा मी गेले, कानडी क्रियापदात इथे लिंग नाहीच. आजच्या कानडीत नावु म्हणजे आम्हीही आणि आपणही. त्यामुळे कानडीवरून सरळ मराठी केलं तरी आजूबाजूचा परिच्छेद वाचून ठरवावं लागतं, हे इंग्रजीच्या माथी मारू नका. पण इंग्रजी जिथे खरंच घात करते ती जागा म्हणजे अवरु. आदरार्थी तो, आदरार्थी ती, आणि ते सगळे, तिन्हीला अवरु. अज्जी बंदरु, अवरु हेळिदरु, म्हणजे आजी आल्या, त्या म्हणाल्या. दुसरं वाक्य सुटं काढून इंग्रजीत केलं की दे सेड, मराठीत ते म्हणाले, आणि आजी आल्यावर कोण पुरुष बोलले ते कळत नाही. ओळीओळीने सुटं भाषांतर करणाऱ्यांकडे हे हमखास होतं.

आणि अत्ते-माव. कानडीत अत्ते म्हणजे आत्या पण आणि सासू पण, माव म्हणजे मामा पण आणि सासरा पण, कारण आत्या-मामाच्या घरी लग्न करायची रीत. इंग्रजी करणाऱ्याला निवडावंच लागतं, आंट किंवा मदर इन लॉ, आणि एकदा निवडलं की दुसरा अर्थ मेला. लेखकाने मुद्दाम संदिग्ध ठेवलेलं असेल, म्हणजे मुलगी जिला लहानपणापासून अत्ते म्हणतेय तिच्याच घरी पुढे सून म्हणून जाते, तर तो धागाच तुटतो. गंमत अशी की आपल्याकडे जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची, म्हणजे तीच सोय मराठीत आयती आहे, पण इंग्रजीवरून आलेल्याला ती सुचायचं कारणच नाही. ऊट आय्ता? चं पण तसंच, जेवण झालं का? एवढंच, दारात भेटल्यावर विचारतात ते. इंग्रजीत वेळ घालावी लागते म्हणून लंच, आणि मराठीत तुम्ही दुपारचं जेवण केलंत का, तेही संध्याकाळी सातला. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, ती कधी ज्वारीची रोटी होते, कधी जोळ ऐवजी मेक्केजोळ समजून मक्याची.

आता उपाय. सगळ्यात आधी नात्यांची वही करा, अनुवाद सुरू व्हायच्या आधी, आणि ती मुळावरून करा, इंग्रजीवरून नाही. एका ओळीत एक माणूस, मुळात त्याला काय म्हटलंय तो शब्द, मराठीत काय लिहायचं, आणि तो कुणाशी तू ने बोलतो, कुणाशी तुम्ही ने. गुजरातीतले तुं आणि तमे, कानडीतले नीनु आणि नीवु, दोन्ही इंग्रजीत यू होतात, आणि नवरा-बायको पहिल्या प्रकरणात तुम्ही आणि तिसऱ्यात तू असं होऊन बसतं. वीस पात्रांच्या कादंबरीला ही वही दोन-तीन तासांत होते. मी हे आधी शेवटी करायचो, दुरुस्ती म्हणून, आणि मग चारशे ठिकाणी काका बदलायला बसायचो, त्यात खरे काका पण बदलले जायचे. करू नका तसं.

इंग्रजी टाळताच येत नसेल तर इंग्रजी मजकुरातच मुळातले शब्द चिकटवून ठेवायला सांगा, जो गुजरातीवरून इंग्रजी करतोय त्याला. आंट-फोई, वुई-आपणे, टायर्ड-गई, ब्रेड-रोटलो, असं. इंग्रजी कुरूप दिसते पण ती छापायची नाहीये, ती फक्त पूल आहे. प्रत्येक शब्दाला नको, फक्त नाती, आपण-आम्ही, तू-तुम्ही, बोलणाऱ्याचं लिंग, आणि खाण्याचे शब्द. एवढ्यानेच माझ्या अनुभवात बहुतेक मोठे घोळ मिटतात.

गुजरातीपुरतं अजून एक, लिपी शिकून घ्या राव. देवनागरी येणाऱ्याला गुजराती लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ नसलेली देवनागरी आणि थोडीच अक्षरं वेगळ्या वळणाची, एका आठवड्यात अडखळत का होईना वाचता येते. सगळं कळायची गरज नाही, इंग्रजीत आंटी दिसली की मुळात त्या ओळीत फोई आहे की मासी एवढं शोधता आलं तरी पुरे. पण त्यावर जास्त उड्या मारू नका, गुजराती नवरो म्हणजे रिकामा, कामधंदा नसलेला, हुं नवरो छुं म्हणजे मी मोकळा आहे, नवरा आहे असं नाही, आणि काले म्हणजे आपलं काल नाही, कालही आणि उद्याही, क्रियापद बघून ठरवायचं. वरच्या ओळीत नीकळीशुं आहे म्हणून उद्या. अशा जागी इंग्रजीत फ्री आणि टुमॉरो लिहिलेलं असतं ते खरंच वाचवतं, म्हणून इंग्रजी प्रत फेकून देऊ नका, शेजारी ठेवा.

कानडी लिपी आठवड्यात येणार नाही. तिथे कानडी येणारा माणूस गाठा, सोलापूर, सांगली, बेळगावकडे दोन्ही भाषा घरात बोलणारे खूप आहेत, आणि त्याला अख्खं पुस्तक समजावून सांगायला लावू नका, नेमके प्रश्न घेऊन जा. या पानावर अवरु कोण, ही अत्ते लग्नाआधीची की नंतरची, इथला नावु ऐकणाऱ्याला धरून आहे का. त्याला पान मोठ्याने वाचायला सांगा, वाचताना तो स्वतःच मध्येच थांबून म्हणतो, अहो हे इथे असं नाहीये.

मूळ प्रत मिळतच नसेल, लेखक गेले, पुस्तक संपलं, फक्त इंग्रजी उरलंय, तर काही जागा मराठीत निवड न करता लिहिता येतात. मी थकलो होतो ऐवजी मला थकवा आला होता, लिंग कळत नाही. आम्ही उद्या निघू ऐवजी उद्या निघायचं ठरलं. काकू ऐवजी नाव. पण हे शे-दोनशे वाक्यांपर्यंत जमतं, अख्ख्या कादंबरीत सगळ्यांना थकवा यायला लागला आणि सगळं आपोआप ठरायला लागलं की भाषा आजारी वाटते, तेव्हा तिथे इंग्रजीवरून केलंय असं पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरळ छापायचं आणि आत्या की काकू ते आपल्या जबाबदारीवर ठरवून, एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं.